कमाल भाडं ७ हजार: टंचाई किती, फायदा कुणाचा, नुकसान कुठे

प्रश्न: एम. ए.च्या पेपरसाठी गणित सोडवतोय. एका शहरात भाड्याच्या खोल्यांची मागणी Qd = 100 − 4P आणि पुरवठा Qs = 6P (Q हजार खोल्यांत, P म्हणजे महिन्याचं भाडं, हजार रुपयांत). सरकारने जास्तीत जास्त भाडं ७ हजार ठरवलं. टंचाई आणि दोन्ही बाजूंच्या आधिक्यातला बदल काढायचाय. माझं निव्वळ नुकसान ११.२५ कोटी येतं, गाईडमध्ये ६.७५ कोटी आहे. कुठे चुकतंय? आणि आमचं स्वतःचं घर गिरगावात पागडीचं आहे, म्हणून विचारतो: ‘भाडेकरूंचा फायदा होतो’ हे उत्तर मुंबईला खरंच लागू पडतं का?

उत्तर:

गाईडचा आकडा बरोबर आहे. तुम्ही निव्वळ नुकसानीच्या त्रिकोणाचा पाया ३० धरलाय, तो १८ हवा. ही चूक इतकी सर्रास होते की ११.२५ दिसल्याबरोबर ती ओळखता येते. पण ती का चूक आहे हे कळण्यासाठी आधी सगळं गणित एकदा सरळ मांडू.

बंधन नसताना मागणी आणि पुरवठा जुळतात ते १० हजार भाड्याला, आणि तेव्हा ६० हजार खोल्या भाड्याने जातात. मागणीची रेषा भाड्याच्या अक्षाला २५ वर भेटते. म्हणजे सर्वांत जास्त गरजू किंवा सर्वांत पैसेवाला भाडेकरू २५ हजारांपर्यंत द्यायला तयार आहे. पुरवठ्याची रेषा शून्यातून निघते. भाडेकरूचं आधिक्य म्हणजे तो जेवढं द्यायला तयार आहे आणि प्रत्यक्षात जेवढं देतो यांतलं अंतर; मालकाचं आधिक्य म्हणजे त्याला मिळालेलं भाडं आणि ज्या किमान भाड्याला तो खोली देईल यांतलं अंतर. हजार खोल्या गुणिले हजार रुपये म्हणजे दहा लाख रुपये, त्यामुळे खालच्या गणितात येणाऱ्या प्रत्येक आकड्याला दहाने भागलं की तो महिन्याच्या कोटींत मिळतो.

```
आधी (भाडं 10, खोल्या 60)
भाडेकरूंचं आधिक्य = 1/2 × (25 − 10) × 60 = 450   → 45 कोटी
मालकांचं आधिक्य   = 1/2 × 10 × 60        = 300   → 30 कोटी

नंतर (भाडं 7)
Qs = 42,  Qd = 72,  टंचाई = 30 हजार खोल्या
मालकांचं आधिक्य   = 1/2 × 7 × 42         = 147   → 14.7 कोटी
भाडेकरूंचं आधिक्य = 1/2 × (25 − 14.5) × 42
                   + (14.5 − 7) × 42      = 535.5 → 53.55 कोटी
```

हे १४.५ कुठून आले? बाजारात ४२ हजारच खोल्या उरल्या, तर मागणीच्या रेषेवर ४२ समोरची किंमत (१०० − ४२) ÷ ४ = १४.५ येते. म्हणजे ज्यांना खोली मिळाली त्यांच्यातल्या सर्वांत शेवटच्या माणसाचीही १४,५०० द्यायची तयारी आहे, आणि तो देतो ७,०००.

मालकांचं नुकसान १५.३ कोटी. त्याचे दोन भाग पाडा. उरलेल्या ४२ हजार खोल्यांवर प्रत्येकी ३ हजार कमी मिळाले, ते १२.६ कोटी. हे पैसे कुठे गेले नाहीत, मालकाच्या खिशातून भाडेकरूच्या खिशात आले. बाकीचे २.७ कोटी बाजारातून काढून घेतलेल्या १८ हजार खोल्यांचे, आणि ते कुणालाच मिळाले नाहीत. भाडेकरूंच्या बाजूला १२.६ कोटी आले, पण त्याच १८ हजार खोल्या न मिळाल्याने ४.०५ कोटी गेले. निव्वळ फायदा ८.५५ कोटी. दोन्ही बाजूंची बेरीज, +८.५५ आणि −१५.३, उणे ६.७५ कोटी येते. हीच पडताळणी परीक्षेत शेवटच्या ओळीत लिहा. ती जुळली नाही तर वरती कुठेतरी पाया चुकलेला असतो.

आता तुमचे ३०. टंचाईचे ३० हजार म्हणजे एकाच प्रकारचे ३० हजार लोक नव्हेत. त्यांतले १८ हजार १० हजार भाड्याच्या वेळी खोलीत राहत होते आणि आता खोलीच नाही म्हणून बाहेर आहेत. उरलेले १२ हजार भाडं उतरल्यामुळे नव्याने रांगेत आले. १० हजाराला ते घेतच नव्हते, गावाकडून ये-जा करत होते किंवा भावाकडे राहत होते. त्यांना खोली मिळाली नाही याने त्यांची परिस्थिती आधीपेक्षा बिघडली नाही. समतोलातही त्यांच्याकडे ती नव्हती. नुकसान मोजायचं ते प्रत्यक्षात कमी झालेल्या व्यवहारांवर, रांगेच्या लांबीवर नाही. वर्तमानपत्रांत ‘इतक्या लाख घरांची टंचाई’ असा आकडा येतो तेव्हा त्यातही हे दोन गट मिसळलेले असतात, आणि त्या आकड्यावरून नुकसानीचा अंदाज बांधला की तो फुगतो.

गणित इथे संपतं. तुमचा दुसरा प्रश्न मात्र याच गणिताच्या एका न सांगितलेल्या गृहीतावर बोट ठेवतो, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ घेतो.

वरचे ५३.५५ कोटी काढताना आपण धरून चाललो की ४२ हजार खोल्या नेमक्या त्याच ४२ हजार लोकांना मिळाल्या ज्यांची द्यायची तयारी सर्वांत जास्त होती. बंधन नसताना हे काम भाडं करतं. जो जास्त देतो त्याला खोली. पण भाडं ७ हजारांवर गोठवलं की ते निवडीचं काम करणं थांबवतं. दारात ७२ हजार लोक उभे आहेत, सगळे ७ हजार द्यायला तयार, आणि कुणाला द्यायचं हे आता ओळख, जात, नातं, आडनाव किंवा निव्वळ नशीब ठरवतं. पाठ्यपुस्तकातला छायांकित चौकोन काढताना हा प्रश्न कुणी विचारत नाही.

समजा अगदी चिठ्ठ्या टाकून वाटप झालं. ७२ हजार लोकांची तयारी ७ ते २५ हजारांमध्ये सारखी पसरलेली आहे, म्हणजे सरासरी १६ हजार. ज्याला खोली मिळाली त्याचा सरासरी फायदा १६ वजा ७, म्हणजे ९ हजार. ४२ हजार खोल्यांवर तो होतो ३७.८ कोटी. बंधनाच्या आधी भाडेकरूंचं एकूण आधिक्य होतं ४५ कोटी. म्हणजे भाडं ३० टक्के उतरूनसुद्धा भाडेकरू हा गट ७.२ कोटींनी तोट्यात गेला. मालकांचे १५.३ कोटी धरून समाजाचं नुकसान २२.५ कोटी, गाईडच्या आकड्याच्या तिप्पट आणि काही वर. यातला १५.७५ कोटींचा भाग निव्वळ चुकीच्या वाटपाचा आहे. ज्याला खोलीची किंमत ८ हजार वाटते तो आत बसलाय आणि ज्याला २० हजार वाटते तो बाहेर.

प्रत्यक्षात चिठ्ठ्या पडत नाहीत, त्यामुळे खरं उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतं. १५.७५ कोटींपैकी ८.५५ कोटी, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त, चुकीच्या वाटपात गेले की भाडेकरूंचा सामूहिक फायदा शून्यावर येतो. तेव्हा ‘कमाल भाड्यामुळे भाडेकरूंचा फायदा होतो का’ याचं उत्तर आकृतीतून मिळतच नाही. खोल्या कुणाच्या हाती गेल्या, यावर ते ठरतं. न्यूयॉर्कच्या भाडे नियंत्रणावर ग्लेझर आणि लटमर या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ साली हेच मोजलं. बंधन नसतं तर घेतल्या असत्या त्यापेक्षा कमी किंवा जास्त खोल्यांच्या घरात तिथले साधारण २० टक्के भाडेकरू राहत होते. मुलं परदेशी गेलेलं म्हातारं जोडपं चार खोल्यांत आणि चार माणसांचं कुटुंब एका खोलीत, हे चित्र मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

इथे एक आक्षेप योग्य आहे आणि तो मी टाळणार नाही. ‘द्यायची तयारी’ म्हणजे गरज नव्हे. २० हजार देणारा कदाचित फक्त श्रीमंत असेल आणि ८ हजारवाला जास्त गरजू. आधिक्याच्या मोजमापात प्रत्येकाचा रुपया सारखाच धरला जातो, तो नियम मान्य नसेल तर १५.७५ कोटींच्या आकड्यावर वाद घालता येतो. पण त्या वादातही १८ हजार कमी झालेल्या खोल्या तशाच राहतात. त्या गरिबाला मिळाल्या नाहीत आणि श्रीमंतालाही नाहीत.

आता गिरगावात येऊ. १४,५०० देऊ शकणारा माणूस ७,०००ची खोली मिळवण्यासाठी काय करील? वरचे साडेसात हजार दुसऱ्या वाटेने देईल. महिन्याला देता येत नाहीत, कारण पावती सातचीच फाडायची, म्हणून एकरकमी देईल. साडेसात हजार महिन्याचे वर्षाला ९० हजार. व्याजाचा दर ९ टक्के धरला आणि भाडेहक्क पिढ्यान्‌पिढ्या चालणार असं मानलं, तर या बचतीचं आजचं मूल्य ९० हजार भागिले ०.०९, म्हणजे १० लाख. हीच पागडी. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याखाली अशी रक्कम घेणं गुन्हा होता, तरी ती राजरोस चालली. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ने अखेर ती कायदेशीर केली. भाडेकरू खोली सोडताना रक्कम घेऊ शकतो, आणि मालकही नवा भाडेकरू मान्य करताना घेऊ शकतो. रिवाजाने मालकाचा वाटा साधारण एक तृतीयांश, बाकीचा जाणाऱ्या भाडेकरूचा.

पागडीने दोन गोष्टी होतात. एक, वाटप सुधारतं. जास्त देणाऱ्याला खोली मिळते, त्यामुळे चिठ्ठ्यांमुळे होणारं १५.७५ कोटींचं नुकसान बरंचसं टळतं. दुसरी गोष्ट नव्या भाडेकरूच्या बाजूने पाहा. तो पावतीवर ७ हजार देतो आणि पागडीच्या व्याजापोटी साडेसात. खोली त्याला १४,५००ला पडली. बंधन नसतं तर १०,०००ला मिळाली असती. पागडी देऊन येणाऱ्यांचं आधिक्य फक्त वरच्या त्रिकोणाचं उरतं, २२.०५ कोटी, म्हणजे आधीच्या निम्म्याहून कमी.

मग ते ३१.५ कोटी, साडेसात हजार गुणिले ४२ हजार खोल्या, कुणाला मिळाले? बहुतांशी कायदा आला तेव्हा खोलीत बसलेल्या पहिल्या पिढीला. त्यांनी काहीही न देता भाडेहक्क मिळवला आणि विकताना त्याचं भांडवल झालं. म्हणून तुमच्या घरापुरतं उत्तर तुमच्या घराच्या इतिहासावर आहे. आजोबा कायद्याच्या आधीपासून तिथे असतील, तर कमी भाड्याचा फायदा खरोखर तुमच्या घरात आला. त्यांनी मागच्या भाडेकरूला पागडी मोजून खोली घेतली असेल, तर पुढच्या सगळ्या वर्षांचं कमी भाडं त्यांनी त्या दिवशीच विकत घेतलं होतं, आणि फायदा खोली सोडून गेलेला माणूस घेऊन गेला. बंधन उठवायची भाषा निघाली की पागडीवाले भाडेकरू ‘आम्ही पैसे मोजलेत’ म्हणून चवताळतात, ते उगाच नाही. त्यांच्यापुरता तो भांडवलाचा तोटा असतो, मालकांच्या मूळ नुकसानीची भरपाई त्यातून झाली तरीही.

एक शंका इथे येईल: मालकाला पागडी मिळते, तर तो नव्या खोल्या का बांधत नाही? पूर्ण पागडी त्याला उघडपणे मिळाली असती तर त्याच्या दृष्टीने खोलीचं भाडं १४,५००च झालं असतं, आणि पुरवठा ४२ वर थांबला नसता. पण ती पहिल्यांदा देताना एकदा मिळते, तीही अनेक दशकं बेकायदेशीरपणे. नंतरच्या प्रत्येक हस्तांतरात फक्त एक हिस्सा. दुरुस्ती मात्र कायमची त्याच्या गळ्यात.

आता वेळेचा मुद्दा, जो मुंबईत सर्वांत महत्त्वाचा आहे. तुमच्या गणितातले ४२ हजार हे एका रात्रीत होत नाहीत. कायदा आला त्या महिन्यात ६० हजार खोल्या बांधलेल्याच आहेत, मालक त्या खिशात घालून नेऊ शकत नाही. अल्पकाळात पुरवठ्याची रेषा ६० वर जवळपास उभी असते. तेव्हा आकडे असे येतात: टंचाई फक्त १२ हजार, मालकांचं नुकसान १८ कोटी, भाडेकरूंचा फायदा १८ कोटी, आणि निव्वळ नुकसान शून्य, कारण राहणारे सगळे जिथल्या तिथे आहेत. लढाईच्या काळात किंवा निर्वासितांचे लोंढे आले असताना सरकारं असे कायदे का करतात, हे या ओळीत दिसतं. त्या क्षणी ते फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे टाकणं असतं. मुंबईत पहिलं भाडे नियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ साली आलं, आणि १९४७चा कायदाही मुळात मुदतीचाच होता. मुदत मात्र पुन्हापुन्हा वाढत गेली.

त्या कायद्यात ‘प्रमाणभूत भाडं’ म्हणजे १ सप्टेंबर १९४० रोजी खोली ज्या भाड्याला दिलेली होती ते. त्या दिवसानंतर पहिल्यांदा भाड्याने दिलेल्या खोलीला तिचं पहिलं भाडं लागू. म्हणजे नव्या इमारतीच्या मालकाला पहिल्या दिवशी बऱ्यापैकी भाडं लावता येत होतं, पण ते रुपयांत तिथेच थिजत होतं. पुढच्या वीस-तीस वर्षांची महागाई त्याच्या माथी. हे माहीत असल्यावर भाड्याने द्यायला चाळ कोण बांधणार? बांधकाम मालकी फ्लॅटांकडे वळलं. भारताच्या शहरांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होतं, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आलं, असं २०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत दिलंय. याचं सगळं खापर भाडे कायद्यांवर फोडता येत नाही. गृहकर्ज सोपं झालं, सहकारी सोसायट्या आल्या. पण दिशा कोणती ते दिसतं.

गोठलेल्या भाड्याचं गणित तुमच्याच रेषांवर करून पाहा. शहर वाढलं आणि मागणी Qd = 160 − 4P झाली असं समजू, पुरवठा तोच, बंधन तेच ७ हजारांवर. बंधन नसतं तर भाडं १६ हजार आणि खोल्या ९६ हजार झाल्या असत्या. बंधनासह खोल्या अजूनही ४२ हजार, मागणारे १ लाख ३२ हजार, टंचाई ९० हजार. उरलेल्या खोल्यांवर भाडेकरूंची बचत प्रत्येकी ९ हजार, एकूण ३७.८ कोटी. न मिळालेल्या ५४ हजार खोल्यांपोटी त्यांचं नुकसान ३६.४५ कोटी. म्हणजे सर्वोत्तम वाटप धरूनही निव्वळ फायदा जेमतेम १.३५ कोटी. आणि निव्वळ सामाजिक नुकसान ६.७५ वरून ६०.७५ कोटी.

नऊपट का? बाजारभाव आणि बंधन यांतलं अंतर ३ वरून ९ झालं, तिप्पट. खोल्यांची घट १८ वरून ५४, तीही तिप्पट. त्रिकोणाचं क्षेत्रफळ या दोन्हींच्या गुणाकारावर चालतं, म्हणून तीन गुणिले तीन. मालकाकडून भाडेकरूकडे जाणाऱ्या पैशांचा चौकोन मात्र फक्त तिप्पट झाला. बंधन बाजारभावाच्या थोडंसं खाली असेल तर नुकसान किरकोळ आणि हस्तांतर मोठं असतं. अंतर वाढत गेलं की नुकसान हस्तांतराला गिळतं. रुपयांत गोठवलेल्या भाड्याचा दोष हा, की अंतर वाढवायला कुणाला काही करावं लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात नेमकं यावरच बोट ठेवलं. प्रमाणभूत भाडं वाढूच न देणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असं म्हटलं. नवा कायदा येऊ घातला होता म्हणून त्या लगेच रद्द मात्र केल्या नाहीत. त्यानंतरच्या १९९९च्या कायद्याने, तो ३१ मार्च २०००ला लागू झाला, मालकाला वर्षाला ४ टक्के वाढीचा हक्क दिला. ऐकायला बरं वाटतं, पण सुरुवात कुठून होते ते बघा. १०० रुपयांचं भाडं २५ वर्षं ४ टक्क्यांनी वाढलं तर २६७ रुपये होतं. अंतर टक्क्यांत वाढायचं थांबलं असेल-नसेल, ते भरून निघण्याचा प्रश्नच नाही.

मालकाचा हात आणखी एका ठिकाणी सुटतो: दुरुस्ती. २६७ रुपयांत जिन्याचा लाकडी कठडाही बदलत नाही. १९६९ साली सरकारला मुंबईतल्या जुन्या इमारतींसाठी वेगळं दुरुस्ती मंडळ काढावं लागलं आणि उपकर लावावा लागला, तेव्हापासून आपण त्यांना सेस इमारती म्हणतो. मोजमाप करताना याचा अर्थ असा, की ७ हजाराला मिळणारी खोली ही १० हजाराला मिळत होती तीच नव्हे. गळक्या छपरामुळे भाडेकरूच्या लेखी खोलीची किंमत दीड हजाराने उतरली, तर ४२ हजार खोल्यांवर ६.३ कोटी गेले आणि गाईडमधला ८.५५ कोटींचा फायदा २.२५ वर आला. (काटेकोर गणितात मालकाचा वाचलेला खर्चही धरावा लागेल आणि पुरवठ्याची रेषा थोडी उजवीकडे जाईल. परीक्षेत एवढ्या खोलात जाऊ नका.)

खऱ्या शहरावर हे लावताना तुमच्या हाती रेषा नसतात, लवचिकता असतात, आणि त्या चुकल्या की सगळं चुकतं. तुमच्या गणितात समतोलाला पुरवठ्याची लवचिकता १ आहे, म्हणून भाडं ३० टक्के उतरलं तर खोल्याही ३० टक्के घटल्या. तीच ०.३ धरली तर घट फक्त ५,४०० खोल्यांची, निव्वळ नुकसान सव्वा कोटीच्या आत, आणि भाडेकरूंचा फायदा १६ कोटी. त्याच कायद्याबद्दल दोन अभ्यासक उलट निष्कर्ष काढतात तेव्हा बहुतेकदा भांडण या एका आकड्याचं असतं, आणि त्याआड किती वर्षांनंतरचं चित्र मोजलं याचं. सॅन फ्रान्सिस्कोने १९९४ साली लहान जुन्या इमारतींनाही नियंत्रण लागू केलं. तिथल्या डायमंड, मॅकक्वेड आणि चिएन यांच्या २०१९च्या अभ्यासात असं निघालं की नियंत्रणाखाली आलेल्या मालकांनी भाड्याच्या घरांचा पुरवठा १५ टक्क्यांनी कमी केला, विकून किंवा पुनर्विकास करून, आणि शहरभरचं भाडं ५.१ टक्क्यांनी चढलं. आत असलेल्या भाडेकरूंना मात्र खरोखर फायदा झाला, ते त्याच पत्त्यावर टिकून राहिले.

शहरभरचं भाडं चढलं, हा भाग तुमच्या गणितात नाहीच, कारण तिथे एकच बाजार आहे. मुंबईत दोन आहेत. एक पागडीचा, दुसरा लिव्ह अँड लायसन्सचा, जिथे बाजारभाव चालतो. पहिल्यात अडकलेल्या खोल्या दुसऱ्यात येत नाहीत आणि पहिल्यात जागा न मिळालेले दुसऱ्यात धावतात, त्यामुळे तिथलं भाडं वर रेटलं जातं. म्हणून बाहेरचं लायसन्सचं भाडं हे ‘बंधन नसतं तर असलेलं भाडं’ नव्हे, त्यापेक्षा ते जास्त असतं. ज्यांनी चौकोनाची उंची त्यावरून मोजली, त्यांनी भाडेकरूंचा फायदा वाढवून सांगितला असं समजा.

तुमच्या स्वतःच्या खोलीचा हिशोब करायचा तर हीच चूक घरातही होते. समजा पावती ३०० रुपयांची आहे आणि शेजारच्या इमारतीत तशीच खोली लायसन्सवर ३० हजाराला जाते. मग महिन्याला २९,७०० वाचतात असं म्हणू नका. ३० हजार द्यावे लागले असते तर तुम्ही गिरगावात राहिला असता का, हे स्वतःला विचारा. १८ हजारांपर्यंत दिले असते आणि त्यावर डोंबिवली गाठली असती, असं उत्तर आलं तर तुमचा राहण्यातला फायदा १७,७०० आहे. वरचे १२ हजार तुम्हालाही मिळत नाहीत आणि मालकालाही नाहीत. तरीही तुम्ही खोली सोडत नाही, आणि ते तर्काला धरून आहे. सेस इमारतीचा पुनर्विकास झाला की मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(७) खाली भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मालकी हक्काने फुकट मिळतं. त्यामुळे ३०० रुपयांची पावती ही महिन्याच्या बचतीबरोबरच त्या घरावरचा दावाही आहे. तुमच्या इमारतीला तो दिवस पाच वर्षांनी येईल की पंचवीस, यावर त्याचं आजचं मूल्य कित्येक पटींनी बदलतं.